दहावीच्या प्रमाणपत्रावर नावाचं स्पेलिंग चुकलंय? मंडळाकडे अर्ज करण्याआधी हे वाचा

माझ्या भाच्याच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या दाजींचं, नाव ज्ञानेश्वर. आधारवर, पॅनवर, बँकेत सगळीकडे ते इंग्रजीत 'डी-एन-वाय' असं सुरू होतं. भाच्याच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर मात्र मधला 'एन' गळला आणि ते 'डी-वाय' झालं. निकालाच्या दिवशी टक्के पाहण्याच्या नादात हे कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन वर्षांनी पासपोर्टचा अर्ज भरताना आलं. मग ताईने मला फोन केला, "तुला सरकारी कागदांची सवय आहे, तूच बघ." सवय होती असं नाही, पण त्या एका 'एन'पायी झाली.

हे सगळं महाराष्ट्र राज्य मंडळाबद्दल आहे. सीबीएसई, आयसीएसईचे नियम वेगळे आहेत.

१. आधी ठरवा, चूक नेमकी कोणत्या कागदावर आहे

बोलताना आपण 'लिव्हिंग', 'टीसी', 'दाखला', 'बोर्डाचं सर्टिफिकेट' हे सगळं एकाच अर्थाने वापरतो. अर्ज करताना ही सवय महागात पडते, कारण हे कागद दोन वेगवेगळ्या दारांतून येतात.

शाळा सोडल्याचा दाखला शाळा देते. तो शाळेच्या जनरल रजिस्टरवरून लिहिलेला असतो, आणि त्याखाली तसं छापलेलंही असतं. दहावीचं गुणपत्रक आणि प्रमाणपत्र मंडळ देतं. परीक्षेचं आवेदनपत्र भरताना शाळेने जी माहिती पाठवली, तिच्यावरून ते तयार होतं.

म्हणून दाखल्यावरचं नाव चुकलं असेल तर मंडळात जाऊन उपयोग नाही, ते काम शाळा आणि शिक्षणाधिकारी कार्यालयाचं. प्रमाणपत्रावरचं चुकलं असेल तर मंडळाचं. आणि दोन्हींवर चुकलं असेल तर आधी शाळा, मग मंडळ. हा क्रम उलटा केला तर मंडळ फाइल परत पाठवतं, कारण ते तुमच्या आधारकडे नाही, शाळेच्या रजिस्टरकडे बघतं.

घरातले सगळे कागद एका टेबलावर मांडा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर-अक्षर मोठ्याने वाचा. एकाने वाचावं, दुसऱ्याने कागदावर उतरवून घ्यावं. आम्ही हे केलं तेव्हा कळलं की दाखला मराठीत आहे आणि त्यावर 'ज्ञानेश्वर' अगदी बरोबर लिहिलंय. चूक फक्त मंडळाच्या गुणपत्रकावर आणि प्रमाणपत्रावर होती.

२. जनरल रजिस्टरचा उतारा काढा

ही पायरी कुणी आपणहून सांगत नाही, पण सगळं हिच्यावर उभं आहे. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज द्या आणि प्रवेश-निर्गम उतारा मागा. काही शाळांत त्याला जनरल रजिस्टरचा उतारा म्हणतात. त्यावर रजिस्टर क्रमांक, पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आधीची शाळा आणि प्रवेशाची तारीख असते. मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा गोल शिक्का दोन्ही हवेत. नुसत्या सहीवर आमचा पहिला उतारा परत आला होता.

शक्य असेल तर उतारा घेताना रजिस्टरचं ते पान स्वतः पाहा. शाळेतल्या भाऊसाहेबांना नीट विचारलं तर दाखवतात. खाडाखोड, पांढरी शाई, वेगळ्या पेनाने वर लिहिलेलं अक्षर असं काही असेल तर त्याच्यापुढे कुणाची सही आणि आदेश क्रमांक आहे का, तेही पाहा. आदेशाशिवाय केलेली दुरुस्ती पुढे आपल्याच अंगावर येते.

आता पुढची वाट उताऱ्यावर काय आहे त्यावर फुटते.

उताऱ्यावर नाव बरोबर असेल तर तुमचं काम सोपं आहे. रजिस्टर बरोबर आणि मंडळाचा कागद चूक, म्हणजे माहिती पाठवताना किंवा टंकताना चूक झाली. तिसरी पायरी सोडून चौथीवर जा.

उताऱ्यावरच नाव चुकीचं असेल तर थांबा. मंडळाचा अर्ज आत्ता भरू नका.

३. रजिस्टरमध्येच चूक असेल तर

रजिस्टरमधली नोंद मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात बदलू शकत नाहीत. दाखल्यावरसुद्धा वरच्या बाजूला छापलेलं असतं की दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याखेरीज कुणी त्यातल्या नोंदीत बदल करू नये. त्यामुळे "सर, तेवढा काना द्या ना" असं म्हणून बघू नका. एखाद्याने दिलाच, तर दाखला आणि रजिस्टर यांत फरक पडतो, आणि पुढे पडताळणीत तो उघडा होतो.

माध्यमिक शाळेच्या रजिस्टरमधल्या दुरुस्तीला शिक्षणाधिकाऱ्यांची (माध्यमिक) मान्यता लागते. प्रस्ताव शाळेमार्फत जातो. मूल शाळेत शिकत असेपर्यंत हे काम तुलनेने सरळ असतं. शाळा सोडल्यानंतर माध्यमिक शाळा संहितेतल्या नियम २६.४ चा प्रश्न येतो, आणि तिथे नोंद करताना झालेली उघड चूक आहे हे दाखवावं लागतं. उघड चूक म्हणजे आधीच्या कागदावर बरोबर होतं आणि पुढच्या कागदावर उतरवताना बिघडलं.

म्हणून इथे सगळ्यात जुना कागद कामाला येतो. पाचवीला किंवा आठवीला माध्यमिक शाळेत प्रवेश घेतला तेव्हा प्राथमिक शाळेचा दाखला दिलेला असतो. प्राथमिक शाळेच्या रजिस्टरमध्ये नाव बरोबर असेल तर तिथला पहिलीच्या प्रवेशाचा उतारा आणि जन्मदाखला हे दोन कागद प्रस्तावाचा कणा ठरतात. तिथेही चूक असेल तर सुरुवात प्राथमिक शाळेपासून करावी लागते. चूक जिथे पहिल्यांदा शिरली, तिथून ती काढत यायचं. आधी दहावीचं करू, मग मागे जाऊ, असं होत नाही.

मान्यतेचा आदेश आला की शाळा रजिस्टरमध्ये लाल शाईने दुरुस्ती करून आदेशाचा क्रमांक आणि तारीख लिहिते. त्या आदेशाच्या तीन-चार साक्षांकित प्रती करून ठेवा. त्यातली एक मंडळाच्या फाइलला लागेल.

४. 'दुरुस्ती' मागा, 'बदल' नको

अर्जाच्या विषयात कोणता शब्द लिहिता यावर फाइल कोणत्या वाटेने जाईल ते ठरतं. 'नावात बदल' म्हणजे आधी एक नाव होतं, आता दुसरं घेतलं. लग्नानंतरचं आडनाव, आवडीने बदललेलं नाव, ज्योतिषाने वाढवायला सांगितलेलं अक्षर, हे सगळे बदल. 'दुरुस्ती' म्हणजे नाव तेच होतं, कागदावर चुकीचं उमटलं.

इथेच लोक राजपत्राच्या सापळ्यात अडकतात. झेरॉक्सवाल्यापासून ते शेजारच्या काकांपर्यंत प्रत्येक जण सांगतो, "गॅझेट करून टाका, विषय संपला." आम्हालाही सांगितलं. पण राजपत्रात छापलं जातं ते 'जुने नाव अमुक, नवे नाव तमुक'. म्हणजे चुकीचं नाव हेच तुमचं खरं जुनं नाव होतं, असं तुम्ही स्वतः लिहून देता. शिवाय नाव बदलल्याची घोषणा त्या तारखेपासून पुढे लागू होते. त्या जोरावर मागच्या तारखेचं प्रमाणपत्र नवीन छापून मागणं अवघड जातं. नाव खरोखर बदललं असेल तर राजपत्र हवंच. एका गळलेल्या अक्षरासाठी नको.

या फरकाचं महत्त्व न्यायालयानेही मानलं आहे. सीबीएसईच्या प्रमाणपत्रांसंबंधी २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्यात शाळेच्या नोंदीशी जुळवून घेण्यासाठीची दुरुस्ती आणि नव्याने घेतलेल्या नावाचा बदल यांचा विचार वेगवेगळा केला. मंडळ वेगळं असलं तरी फाइल हाताळणाऱ्यांच्या डोक्यात हीच विभागणी असते.

५. इंग्रजी स्पेलिंगचा पुरावा: खरी अडचण इथे आली

शाळा मराठी माध्यमाची. रजिस्टर मराठीत. त्यात 'ज्ञानेश्वर' बरोबर. मंडळाच्या कागदावर नाव इंग्रजीत. खिडकीवरच्या बाईंनी उतारा बघून अगदी रास्त प्रश्न विचारला, "यात इंग्रजी कुठे आहे? 'ज्ञ' कुणी कसाही लिहितं. तुमचं बरोबर आणि आमचं चूक हे कशावरून?"

आणि खरंच, 'ज्ञ', 'ऋ', 'ष', 'क्ष' ही अक्षरं ज्या नावात आहेत, त्यांच्या घरी हा प्रश्न येणारच. ज्ञानेश्वर 'डी-एन-वाय'नेही लिहितात, 'जी-एन-वाय'नेही. हृषीकेशच्या तर पाच तऱ्हा मी पाहिल्या आहेत. मराठी उतारा अशा वेळी अर्धंच काम करतो. उरलेल्या अर्ध्यासाठी आम्ही हे केलं.

शाळेकडून दहावीच्या आवेदनपत्राची छापील प्रत आणि प्री-लिस्टची प्रत मागितली. परीक्षेआधी मंडळाकडून शाळेला उमेदवारांची प्री-लिस्ट येते. शाळा ती मुलांना दाखवते, चुका दुरुस्त करून घेते आणि सही घेते. आमच्या आवेदनपत्रावर 'एन' होता. प्री-लिस्टवर तो नव्हता. आणि त्याच्यासमोर भाच्याची सही होती, सुबक, पूर्ण नावाची. सोळा वर्षांच्या मुलाने घंटा व्हायच्या आत रांगेत उभं राहून केलेली. चूक कोणाची हा वाद तिथेच संपला. आमचीच.

पण आवेदनपत्र कामाला आलं. शाळेने पाठवलेल्या मूळ अर्जात नाव बरोबर होतं, हे त्यावरून दिसलं. जोडीला दाजींचं पॅन, आधार आणि त्यांचं स्वतःचं जुनं दहावीचं प्रमाणपत्र लावलं. वडिलांच्या नावाची चूक असेल तर वडिलांचे कागद आणि आईच्या नावाची असेल तर आईचे, हे सुचायला आम्हाला एक फेरी वाया घालवावी लागली.

आवेदनपत्रावरही चूक असेल तर? मग मुख्याध्यापकांचं पत्र लागेल, की शाळेकडून माहिती भरताना अमुक चूक झाली आणि रजिस्टरप्रमाणे बरोबर नाव अमुक. असं पत्र द्यायला शाळा बिचकतात, कारण चूक कबूल करायची असते. तिथे आवाज चढवू नका. "सर, प्री-लिस्टवर सही आमच्याच पोराची आहे, आमचीही चूक आहेच," असं म्हटलं की पत्र लवकर मिळतं. स्वानुभव.

६. फाइलमध्ये काय काय लावायचं

आमच्या फाइलमध्ये शेवटी एवढं होतं:

– मंडळाच्या विहित नमुन्यातला अर्ज, शाळेमार्फत
– मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र, जावक क्रमांक आणि तारखेसह
– जनरल रजिस्टरचा उतारा
– शाळा सोडल्याच्या दाखल्याची साक्षांकित प्रत
– दहावीच्या आवेदनपत्राची शाळेने साक्षांकित केलेली प्रत
– जन्मदाखला
– वडिलांच्या नावाचे पुरावे
– प्रतिज्ञापत्र
– मूळ गुणपत्रक आणि मूळ प्रमाणपत्र
– शुल्क भरल्याची पावती

रजिस्टर आधी दुरुस्त करावं लागलं असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांचा आदेशही.

प्रतिज्ञापत्र नोटरीसमोरचं चालेल की कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोरचं लागेल, आणि स्टँप पेपर हवा की साधा कागद, हे मंडळाच्या खिडकीवर विचारून मगच करा. बाहेरचे टंकलेखक आधी स्टँप विकतात, मग प्रश्न विचारतात. शुल्कही त्या दिवशीचं विचारूनच भरा. विलंब किती झाला यावर ते बदलू शकतं. एजंटला पैसे देऊ नका. त्याच्याकडे असलेला अर्ज तोच असतो, जो तुम्हाला खिडकीवर मिळतो.

मूळ कागद जमा करण्याआधी त्यांचं दोन्ही बाजूंनी रंगीत स्कॅन करा आणि साक्षांकित झेरॉक्स काढून ठेवा. दुरुस्त प्रत येईपर्यंत हातात मूळ कागद नसतो. प्रवेशाची फेरी तोंडावर असेल तर आधी प्रवेश घ्या, मग मूळ कागद मंडळात द्या. आमच्या शेजारच्या मुलीने जूनमध्ये कागद जमा केले आणि जुलैत कॉलेजने मूळ गुणपत्रक मागितलं. मंडळाची पोच दाखवून वेळ मारून न्यावी लागली.

७. अर्ज कसा लिहायचा

विहित नमुना असला तरी सोबत एक साधं पत्र जोडा. नमुन्यात रकाने असतात, गोष्ट नसते. आमचं पत्र असं होतं:

प्रति,
मा. विभागीय सचिव,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ,
(आपले विभागीय मंडळ)

मार्फत: मा. मुख्याध्यापक, (शाळेचे नाव व शाळा सांकेतांक)

विषय: माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र व गुणपत्रकावरील वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधील दुरुस्तीबाबत. (परीक्षा: महिना व वर्ष, बैठक क्रमांक)

महोदय,
मी वरील परीक्षा उत्तीर्ण झालो आहे. माझ्या गुणपत्रकावर व प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावातील दुसरे अक्षर 'एन' छापले गेलेले नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये (नोंद क्र. …) नाव 'ज्ञानेश्वर' असे असून परीक्षेच्या आवेदनपत्रात इंग्रजी स्पेलिंग बरोबर भरलेले आहे. दोन्हींच्या साक्षांकित प्रती जोडल्या आहेत. नावात कोणताही बदल मागितलेला नसून केवळ छपाईतील चुकीची दुरुस्ती मागत आहे. मूळ गुणपत्रक व प्रमाणपत्र सोबत जमा करीत आहे. कृपया दुरुस्त प्रती मिळाव्यात.

आपला विश्वासू,
(सही, पत्ता, मोबाइल)

मंडळाला पाठवताना 'चुकीचे' आणि 'बरोबर' असे दोन रकाने करून इंग्रजी मोठ्या अक्षरांत पूर्ण नाव लिहा, आडनाव आधी, मंडळाच्या कागदावर असतं त्याच क्रमाने. आणि ते दोघांनी वाचून तपासा. दुरुस्तीच्या अर्जात नवी चूक करणारे लोक मला खिडकीवर भेटले आहेत, त्यातला एक मी.

८. कुठे द्यायचा आणि पाठपुरावा कसा करायचा

राज्य मंडळाची नऊ विभागीय मंडळं आहेत. परीक्षा ज्या विभागातून दिली, अर्ज त्याच विभागाकडे जातो, आज तुम्ही कुठेही राहत असलात तरी. रत्नागिरीतून दहावी झालेला मुलगा आता पुण्यात असेल तर त्याचं काम कोकण मंडळातच. आडनावाच्या क्रमाने नव्हे तर बैठक क्रमांक आणि वर्षावरून नोंद शोधतात, म्हणून हे दोन्ही फाइलच्या वरच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा.

अर्ज दिल्यावर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. त्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढच्या प्रत्येक फोनला पहिला प्रश्न तोच असतो.

काही दिवसांनी एकतर प्रत तयार असल्याचं कळतं किंवा त्रुटीपत्र येतं. त्रुटीपत्र बहुधा शाळेच्या पत्त्यावर जातं आणि तिथल्या टपालात पडून राहतं. आमचं तीन आठवडे पडलं होतं. दर आठवड्याला शाळेत एक फोन करा. त्रुटीची पूर्तता करताना जुना आवक क्रमांक लिहूनच कागद द्या, नाहीतर नवीन फाइल उघडते.

महिनोन्महिने काहीच कळत नसेल तर भांडण्यापेक्षा माहितीच्या अधिकारातला अर्ज बरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून विचारा: आवक क्रमांक अमुकवर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, फाइल सध्या कोणत्या टेबलावर आहे. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. आम्हाला ही वेळ आली नाही. ऑगस्टमध्ये दिलेला अर्ज डिसेंबरमध्ये सुटला.

९. नवी प्रत हातात आल्यावर

खिडकीवरच उभं राहून वाचा. फक्त दुरुस्त झालेलं अक्षर नाही, सगळंच: स्वतःचं नाव, आईचं नाव, बैठक क्रमांक, गुण. गुणपत्रक आणि प्रमाणपत्र दोन्ही बदललेत ना, तेही पाहा.

मग डिजिलॉकर उघडा. तिथे जुनंच नाव दिसत असेल तर ते मंडळाच्या लक्षात आणून द्या, कारण हल्ली प्रवेशाच्या वेळी बरेच जण तिथूनच पडताळतात.

आणि कनिष्ठ महाविद्यालयात जा. अकरावीला प्रवेश घेताना शाळेचा दाखला तिथे जमा होतो आणि त्यांचं रजिस्टर तुमच्या जुन्या कागदांवरून भरलेलं असतं. भाच्याच्या बारावीच्या गुणपत्रकावरही तोच 'एन' गायब होता. दहावीची दुरुस्त प्रत लावून बारावीचा वेगळा अर्ज, वेगळं शुल्क, पुन्हा तीच खिडकी. या वेळी मात्र बाईंनी वरचं पान बघितलं आणि म्हणाल्या, "ज्ञानेश्वरवाले ना? बसा."